एकशे पंधरा टक्के उतारा

आमच्या बेकरीत मला काटेताई म्हणतात. खरं आडनाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. बावीस वर्षं माझं टेबल वजनकाट्याला खेटून आहे म्हणून काटेताई, असं मी समजते. दाजींच्या मते त्या नावाला दुसराही अर्थ आहे आणि तोही मला शोभतो.

काम साधं. सकाळी कोठीतून मैदा, साखर, तूप, यीस्ट, मीठ तोलून द्यायचं आणि दुपारी पॅकिंगमधून किती ब्रेड आले ते मोजून घ्यायचे. दिलं किती, मिळालं किती आणि मधे गेलं कुठे, एवढा एक कागद रोज मालकांच्या टेबलावर ठेवायचा. त्याला आम्ही उताऱ्याचा कागद म्हणायचो. बावीस वर्षांत तो कागद पाहून कुणाला आनंद झाल्याचं मला आठवत नाही. दुःखही झालेलं नाही. असे कागद चांगले असतात.

हिशेब सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे. रोज वीस पोती, म्हणजे हजार किलो मैदा. त्यात पाणी आणि बाकीचं मिळून सतराशे किलो पीठ मळलं जातं. साडेचारशे ग्रॅमचा एक गोळा. भट्टीत पाणी उडून त्याचा चारशे ग्रॅमचा ब्रेड होतो, आणि वेष्टनावर तेच वजन छापलेलं असतं. कागदावर भागाकार केला तर तीन हजार सातशे सत्त्याहत्तर ब्रेड व्हायला हवेत. पण पीठ मशीनला चिकटतं, हाताला चिकटतं, फुगताना थोडं हवेत जातं. भट्टीतून निघतात सदतीसशे. त्यातले ऐंशीएक करपतात, बसतात, वाकडे होतात. पॅकिंगला जातात छत्तीसशे वीस. उतारा पंच्याण्णव पूर्णांक आठ टक्के. उन्हाळ्यात थोडा इकडे, थंडीत थोडा तिकडे. माणसाच्या तापासारखा तो फार हलू नये आणि हलला तर कारण शोधावं.

मग दाजी आले.

दाजी म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. बेकरीत अर्धा वाटा अक्कांचा, त्यामुळे दाजींचा मान पूर्ण. त्यांनी आधी तीन धंदे पाहिले होते. तिन्ही धंद्यांनीही त्यांना पाहिलं आणि डोळे मिटले. नंतर ते उत्पादकतेवरच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले, प्रमाणपत्र घेऊन आले आणि ते प्रमाणपत्र त्यांनी यीस्टच्या फ्रिजवर लावलं. 'उत्पादन प्रमुख' अशी पाटी केबिनच्या दारावर लागली. केबिन नव्हती, म्हणून आधी केबिन बांधली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा कागद दोन बोटांत उचलून पाहिला.

"हे पंच्याण्णव कसलं? चार टक्के जातात कुठे?"

"मशीनला, हवेत आणि करपलेल्या मालात," मी म्हटलं.

"करपलेला माल आपण फेकतो का?"

"नाही. त्याच्या काळ्या कडा काढून टोस्ट करतो."

"मग ती नासाडी कशी? टोस्ट विकतो ना आपण? काटेताई, तुमची पद्धत नकारात्मक आहे."

दुसऱ्या दिवसापासून कागद गेला आणि संगणकावरचा तक्ता आला. ब्रेड आता पॅकिंगमधे न मोजता भट्टीच्या तोंडाशी मोजायचे ठरले, म्हणजे सदतीसशेच्या सदतीसशे तयार माल. त्यातले करपलेले ऐंशी पुढे टोस्टमधे गेले की तयार माल म्हणून पुन्हा एकदा मोजायचे. शिवाय दुकानांतून रोज दोनेकशे शिळे ब्रेड परत येतात. त्यांचाही टोस्ट होतो. तोही तयार माल. ते ब्रेड तीन दिवसांपूर्वी एकदा तयार माल झाले होते, ही गोष्ट तक्त्याला ठाऊक नव्हती. तक्ता तरुण होता, त्याला मागचं काही आठवायचं नाही.

महिन्याअखेर मालकांच्या केबिनमधे बैठक झाली. मालक, दाजी, मी आणि भट्टीचे उस्ताद. उस्ताद तीस वर्षं भट्टीपुढे उभे, त्यांना खुर्चीत बसायची सवय नाही, ते काठावर टेकले. दाजींनी तक्ता भिंतीवर दाखवला.

"उतारा एकशे दोन पूर्णांक सात."

मालकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच होता.

"शंभराच्या वर?" मालक म्हणाले.

"शंभर ही जुन्या लोकांची मर्यादा," दाजी म्हणाले.

मी म्हटलं, "मालक, टोस्टची ओळ बघा. दिलेला मैदा शून्य, मिळालेला माल बहात्तर किलो. शून्यातून बहात्तर किलो निघत असेल तर मैदा घ्यायचाच कशाला? नुसता टोस्टच करू."

उस्ताद खाली बघून मिशीत हसले. मालक हसले नाहीत. ते विचारात पडले, आणि मला भीती वाटली की ते खरंच तो विचार करताहेत.

"काटेताई, चांगलं झालं तर चांगलं म्हणावं माणसानं," दाजी शांतपणे म्हणाले. "बावीस वर्षं तुम्हाला जे जमलं नाही ते एका महिन्यात झालं, हे लागतं मनाला. समजू शकतो मी."

खाली 'तपासले' असं छापलेल्या जागी माझी सही हवी होती. मी पेन हातात धरून थोडा वेळ बसले. मालकांनी घड्याळ पाहिलं. मी सही केली. हे मुद्दाम सांगते, नाहीतर ही गोष्ट वाचून कुणाला वाटायचं की बेकरीत एकच शहाणी होती आणि ती मी.

त्या दुपारी केक कापला. केक आमच्याच बेकरीचा. त्याची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते शिंपी आहेत, बोलताना तोंडातल्या टाचण्या काढत नाहीत.

"दोन मीटर कापडात अडीच मीटरचा झगा मलाही शिवता येतो," ते म्हणाले. "फक्त गिऱ्हाइकानं घालून बघायचा नाही."

"अहो, मी सही केली त्यावर."

त्यांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. "मग आता बटणं तरी नीट लाव," म्हणाले. याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही, आणि त्यांनाही कळला असेल असं वाटत नाही. पण नवरा गंभीर झाला की आपण मान डोलवावी.

आकडा कागदावर राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मालक व्यवहारी माणूस. चार दिवसांनी ते स्वतः कोठीत आले.

"काटेताई, पूर्वी पंच्याण्णव पडायचा, आता एकशे दोन. म्हणजे तेवढा मैदा वाचायला हवा ना? उद्यापासून एकोणीस पोती द्या. ब्रेड सदतीसशेच."

"मालक, एका पोत्याचे एकशे पंच्याऐंशी ब्रेड होतात. ते कुठून येणार?"

"दाजी म्हणतात येतील."

दाजी म्हणाले म्हणजे येणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकोणीस पोती दिली. नवाच्या सुमारास उस्ताद पीठभरल्या हातांनीच माझ्या टेबलाशी आले.

"ताई, पीठ कमी आहे."

"ठाऊक आहे."

"दाजी म्हणतात, संख्या कमी आली तर भट्टीवरच्या माणसांची बदली गाडी धुवायला. तीन माणसं आहेत माझ्याकडं. एकाची बायको आठव्या महिन्यात आहे, त्याला आत्ता काही नवीन नको." ते थांबले. मग म्हणाले, "गोळा कापायच्या मशीनला एक चाक आहे. दीड फेरा आत फिरवलं की साडेचारशेचा गोळा चारशे अठ्ठावीसचा होतो."

"भाजून किती?"

"तीनशे ऐंशी."

आम्ही दोघं काट्याकडे बघत राहिलो. वेष्टनावर चारशे छापलेलं होतं. "मला विचारू नका," मी म्हटलं. तेही म्हणाले, "विचारत नाहीये, सांगतोय." मग ते गेले, आणि दहा मिनिटांनी मशीनचा आवाज नेहमीसारखा सुरू झाला. ब्रेड वीस ग्रॅमनी हलका झाला की आवाज बदलत नाही. रंगही बदलत नाही. उलट जरा जास्तच छान फुगतो.

दाजींच्या तक्त्यात वजनाचा रकाना होता, पण त्यात वजन कुणी टाकायचं नसे. तक्ता नगाला आपोआप चारशेनं गुणायचा. मैदा कमी, ब्रेड तेवढेच, टोस्ट तेवढाच. उतारा गेला एकशे आठवर. एरवी हा आकडा जपमाळेत शोभतो. दाजींनी त्या कागदाची चौकट करून घेतली. एक प्रत केबिनमधे, एक अक्कांना दाखवायला घरी आणि एक पिशवीत. मोठ्या गिऱ्हाइकांकडे गेले की ते ती पिशवी उघडत.

मी एक गोष्ट केली. रोज दुपारी पॅकिंगमधले दहा ब्रेड काट्यावर ठेवायचे आणि वजन माझ्या जुन्या वहीत लिहायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचंही नव्हतं. शूर माणसं ओरडतात, माझ्यासारखी वहीत लिहितात.

अडीच आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, मोठ्या रुग्णालयाकडे गेलेली आमची गाडी भरलेलीच परत आली. त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रोज चारशे ब्रेड जायचे. चालकानं मला एक चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "तिथल्या कोठीवाल्या काकांनी पंचवीस ब्रेड तोलले. एकही चारशेचा भरला नाही. सगळेच परत पाठवलेत. म्हणाले, रुग्णाला किती खायला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, बेकरीवाला नाही."

चिठ्ठी मी मालकांच्या टेबलावर ठेवली. मालक त्या दिवशी बाहेर होते. दाजी होते. त्यांनी परत आलेल्या चारशे ब्रेडकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "टोस्टला टाका."

चारशे ब्रेडचा शंभर किलो टोस्ट झाला. शंभर किलो तयार माल. मैदा शून्य.

बुधवारी सकाळी मालक आले तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एकात रुग्णालयानं माल बंद केल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात मंगळवारचा उतारा होता. एकशे पंधरा टक्के. बेकरी सुरू झाल्यापासूनचा सर्वोत्तम दिवस.

मला आणि दाजींना बोलावणं आलं. उस्तादांना कुणी बोलावलं नव्हतं, तेही आले आणि दाराशी उभे राहिले.

मालकांनी दोन्ही कागद माझ्यासमोर सरकवले. "काटेताई, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कशा झाल्या, हे मला सांगा. मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, सकाळपासून विचार करतोय."

"मालक, हे एकाच गोष्टीचे दोन कागद आहेत," मी म्हटलं. "जेवढा माल परत येतो तेवढा आपला उतारा चढतो. उद्या सगळ्याच दुकानांनी सगळा माल परत केला तर आपण दीडशेच्याही वर जाऊ."

दाजी म्हणाले, "हा तक्त्याचा किरकोळ दोष आहे. पद्धत बरोबर आहे."

मी वही उघडली. बोट आकड्यावर दाबून धरलं. "हे पंधरा दिवसांचं वजन. सरासरी तीनशे ऐंशी. मंगळवारी एकोणीस पोती दिली. कागदावर चौदाशे पस्तीस किलो ब्रेड व्हायला हवा. भट्टीतून सदतीसशे निघाले, ऐंशी खराब, छत्तीसशे वीस पॅकिंगला. गुणिले तीनशे ऐंशी ग्रॅम. तेराशे पंच्याहत्तर किलो. करा भागाकार."

मालकांनी कॅल्क्युलेटर काढला. दोनदा केला.

"पंच्याण्णव पूर्णांक आठ," ते म्हणाले.

"वीस पोत्यांच्या वेळी किती होता?"

त्यांना आठवत होतं. त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केला.

"उतारा तसूभरही हलला नाही, मालक. दीड-दोन महिने आपण फक्त मोजायची जागा बदलली. आणि हलला तो ब्रेड, वीस ग्रॅमनी."

"गोळा कुणी कमी केला?" दाजींनी एकदम विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं.

"मी," दाराशी उभे असलेले उस्ताद म्हणाले. "चाक मीच फिरवलं. तुम्ही ब्रेड सदतीसशे सांगितले होते, पीठ तेवढं दिलं नव्हतं. मला जादू येत नाही, चाक फिरवता येतं."

"आणि तक्त्यावर तपासले म्हणून सही माझी आहे," मी म्हटलं. "एकशे दोनवर पण आणि एकशे आठवर पण. एकशे पंधरावर अजून केलेली नाही."

बाहेर कुणीतरी रिकामे साचे एकात एक घालत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मालकांनी डोळे चोळले. मला वाटलं आता ते दाजींना काहीतरी सुनावतील. पण अक्का म्हणजे अर्धा वाटा, आणि सणावाराला जेवायला समोर बसायचं असतं.

"दाजी," ते म्हणाले, "तुमची नजर मोठ्या गोष्टींवर आहे. उताऱ्यासारखं बारीक काम तुम्हाला बांधून ठेवतं. तुम्ही आता नव्या शाखेचं बघा."

नवी शाखा नव्हती. पण केबिनही आधी नव्हती. दाजी समाधानानं उठले.

उस्तादांना मालक एवढंच म्हणाले, "चाक होतं तिथं आणा." मला म्हणाले, "जुना कागद सुरू करा." आम्हा दोघांनाही बोलणी बसली नाहीत याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. त्या दिवसापासून वीस पोती. वजनाचा रकाना मी स्वतः भरायला लागले, आणि परत आलेल्या मालाच्या टोस्टला वेगळी वही केली, जिच्यात तो किती ब्रेडमधून आला ते आधी लिहायचं.

पुढच्या सोमवारी मालक मला घेऊन रुग्णालयात गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला कोठी, फरशी नुकतीच धुतलेली, भिंतीला लागून कांद्या-बटाट्याच्या जाळ्या आणि मधोमध काटा. काट्यामागे साठीचे काका, कानावर पेन्सिल. मालकांनी माफी मागायला सुरुवात केली तसं त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आमच्या टोपलीतले दहा ब्रेड एकेक करून ठेवले. चारशे दोन. तीनशे अठ्ठ्याण्णव. चारशे एक. प्रत्येक आकडा लिहिला. माझ्या लक्षात आलं की ते काटा प्रत्येक वेळी शून्यावर आलाय का ते बघतात. असं मीही करते. घरात मला यावरून हसतात.

"उतारा किती पडतो तुमच्याकडे?" त्यांनी मला विचारलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की मी थोडा वाढवून सांगेन.

"पंच्याण्णव पूर्णांक आठ," मी म्हटलं.

"मग ठीक." त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. "पंधराएक दिवसांपूर्वी तुमच्याकडचे एक साहेब आले होते. चौकट केलेला कागद दाखवला. एकशे आठ म्हणाले. मी चाळीस वर्षं कोठी सांभाळतो. एकशे आठ ऐकलं आणि म्हटलं, आता यांचा माल तोलून घ्यायला हवा. तोवर मी नुसते मोजून घेत होतो."

काकांनी दोनशे ब्रेड सुरू केले, चारशे नाही. बाकीचे दोनशे त्यांनी दुसऱ्या बेकरीला दिले होते आणि तिथला माल बरा होता.

परत येताना गाडीत मालक म्हणाले, "काटेताई, खरं खरं सांगा. सत्याण्णव तरी होईल का कधी?"

"या आठवड्यात मी खराब ब्रेडचं कारणही लिहिलंय," मी म्हटलं. "ऐंशीतले तीस रोज एकाच ठिकाणी करपतात. भट्टीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात. तिथल्या दाराची फट बुजवायला हवी, असं उस्ताद म्हणतात. सत्याण्णव नाही होणार. शहाण्णवच्या पुढे जाईल."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"बावीस वर्षं मी नुसता आकडा लिहिला. आणि दाजींच्या तक्त्यात तर करपलेला माल नासाडीतच नव्हता. मग कारण कसलं लिहिणार?"

मिस्त्री गुरुवारी आला. अर्धा दिवस भट्टी बंद ठेवून त्यानं दाराची पट्टी बदलली आणि उस्तादांनी तेवढा वेळ स्टुलावर बसून त्याला सूचना दिल्या, ज्या त्यानं ऐकल्या नाहीत. शनिवारच्या कागदावर खराब ब्रेड पन्नास, उतारा शहाण्णव पूर्णांक सहा. मी खाली सही केली आणि कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. ते फोनवर होते. त्यांनी आकडा वाचला, मान हलवली आणि कागदावर चहाचा कप ठेवला.